क्रिएटरचा मासिक पाठिंबा बंद करताना: पुढची रक्कम नेमकी कोणत्या तारखेपासून थांबते?

गेल्या ऑक्टोबरात मी दोन क्रिएटरांचा मासिक पाठिंबा बंद केला. एक इतिहासावर पॉडकास्ट करणारे, दुसऱ्या चित्रकला शिकवणाऱ्या. दोन्ही मेंबरशिप पेट्रिऑन या क्रिएटरांना दरमहा पैसे द्यायच्या संकेतस्थळावरच्या होत्या, त्यामुळे दोन्हींची रीत एकच असेल असं मी धरून चाललो होतो. तसं नव्हतं. पहिलीचे पैसे पेट्रिऑन स्वतः कार्डावरून घेत होतं, तर दुसरीचे ॲपल. रद्द करायची जागा वेगळी, पैसे कापले जायची तारीख वेगळी आणि ‘आता थांबलं’ हे कळायची खूणही वेगळी. रद्द करायचं बटण दाबायला दोन मिनिटं लागली. पुढची रक्कम नक्की जाणार नाही ना, याची खात्री व्हायला मात्र डिसेंबर उजाडला. तो सगळा प्रवास तारखांसकट इथे लिहून ठेवतो.

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार: पैसे घेतं कोण?

मेंबरशिप कोणाची आहे हे आपल्याला माहीत असतं, पण तिचे पैसे कोण वसूल करतं हे बहुतेकांना आठवत नाही. सुरुवात तिथूनच करावी लागते. त्यासाठी मी दोन ठिकाणं पाहिली. एक म्हणजे कार्डाचं गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट, आणि दुसरं म्हणजे मेलमधल्या पावत्या. मेलबॉक्समध्ये क्रिएटरचं नाव शोधून उपयोग होत नाही, कारण नव्या पोस्टच्या शेकडो सूचना समोर येतात. receipt हा शब्द घालून शोधलं की मोजक्याच मेल उरतात.

स्टेटमेंटमध्ये पॉडकास्टची नोंद PATREON या शब्दाने सुरू होत होती. चित्रकलेच्या मेंबरशिपची नोंद मात्र पेट्रिऑनच्या नावावर सापडेना. ती apple.com/bill या नावाखाली होती, कारण ती मेंबरशिप मी आयफोनवरच्या ॲपमधून घेतली होती. ॲपमध्ये बटण दाबून, चेहरा दाखवून पैसे भरले असतील, तर व्यवहार तुमचा आणि ॲपलचा झालेला असतो. असं सदस्यत्व रद्द होतं ते ॲपलच्या यादीतून. पेट्रिऑनच्या पानावर ते दिसतं, पण तिथून त्याची वसुली थांबवता येत नाही. यूट्यूबवरच्या चॅनेल मेंबरशिपलाही हेच लागू आहे: आयफोनच्या ॲपमधून घेतली असेल तर ॲपलकडे, ब्राउझरमधून घेतली असेल तर youtube.com/paid_memberships या पानावर.

ॲपमधून घेतलेल्या मेंबरशिपची किंमत त्याच पातळीच्या ब्राउझरमधल्या किमतीपेक्षा जास्त असू शकते, कारण ॲपलचं कमिशन त्यात धरलेलं असतं. स्टेटमेंटमधली रक्कम क्रिएटरच्या पानावरच्या रकमेशी जुळत नसेल, तर व्यवहार ॲपलमार्फत झाल्याचा हा एक इशारा समजावा. इशाराच, पुरावा नव्हे. रक्कम कराने वाढते, चलन बदलूनही वाढते. पुरावा म्हणजे पावती कोणाकडून आली ते.

त्याच दिवशी: तारखेचा प्रकार ओळखणं

वसुली कोण करतं हे कळल्यावर पुढचा प्रश्न असतो तो महिना कधी संपतो हा. पेट्रिऑनवर यात दोन मुख्य प्रकार भेटतात. जुन्या पद्धतीत सगळ्यांचे पैसे महिन्याच्या १ तारखेला घेतले जातात, तुम्ही कधीही सामील झालेले असा. दुसऱ्या पद्धतीत तुम्ही ज्या तारखेला सामील झालात तीच तारीख दर महिन्याला येते. कोणती पद्धत हे क्रिएटरवर ठरतं, आपल्यावर नाही.

हे शोधायला मदतीची पानं चाळायची गरज पडत नाही. मागच्या तीन पावत्यांच्या तारखा एकाखाली एक लिहायच्या. माझ्या पॉडकास्टच्या पावत्या १ ऑगस्ट, १ सप्टेंबर, १ ऑक्टोबर अशा होत्या, म्हणजे पहिली पद्धत. चित्रकलेच्या पावत्या सगळ्या ९ तारखेच्या आसपासच्या, म्हणजे दुसरी.

पहिल्या पद्धतीत एक खोच आहे. काही क्रिएटर सामील होतानाच पहिली रक्कम घेतात आणि नंतर दर १ तारखेला. म्हणजे २८ तारखेला सामील झालेला माणूस २८ ला पैसे भरतो आणि चारच दिवसांत १ तारखेला पुन्हा. त्याला वाटतं चुकून दोनदा कापले. चुकून नाही, दोन वेगळ्या महिन्यांचे कापलेले असतात. एकाच महिन्यापुरतं सामील व्हायचं असेल तर अशा क्रिएटरकडे महिन्याच्या सुरुवातीला जावं आणि महिना संपण्याआधी रद्द करावं.

दुसऱ्या पद्धतीत गोंधळ होतो तो ‘महिना म्हणजे ३० दिवस’ असं मोजल्याने. वसुली दिवस मोजून होत नाही, तारीख पाहून होते. ३१ तारीख नसलेल्या महिन्यांचं काय? अनेक संकेतस्थळं ज्या स्ट्राइप या सेवेतून कार्डाचे पैसे घेतात, तिच्यात ३१ जानेवारीला सुरू झालेली वर्गणी २८ फेब्रुवारीला, मग ३१ मार्चला, मग ३० एप्रिलला जाते. ज्या महिन्यात ती तारीख नाही, त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरला जातो. फेब्रुवारीत रद्द करायला २ किंवा ३ मार्चपर्यंत वेळ आहे असं समजणारा इथे चुकतो.

त्याच संध्याकाळी: पॉडकास्टची मेंबरशिप रद्द

हे काम मी ब्राउझरमधून केलं. पेट्रिऑनच्या Settings मध्ये Memberships नावाचं पान आहे, तिथे चालू मेंबरशिपची यादी असते. ज्या नावाची बंद करायची ते उघडून रद्द करण्याच्या पर्यायापर्यंत जायचं. बटणांची नेमकी नावं अधूनमधून बदलतात, पण Cancel हा शब्द कुठेतरी असतोच. मध्ये एक-दोन पानं येतात: कमी रकमेच्या पातळीवर जाता का, तुम्ही काय काय गमावाल, वगैरे. या पानांवर ठळक रंगातलं बटण बहुधा ‘राहतो’ म्हणणारं असतं आणि रद्द करणारं साधं, फिकट. सगळी पानं संपून रद्द झाल्याचा संदेश दिसेपर्यंत काहीही झालेलं नसतं. मध्येच टॅब बंद केला की मेंबरशिप जशीच्या तशी चालू राहते, आणि लोकांना मात्र आपण रद्द केल्याचं पक्कं आठवत असतं.

शेवटी कारण विचारतात. ते भरायची सक्ती नाही. भरलं तर क्रिएटरला ते दिसतं, हे लक्षात ठेवूनच लिहावं. मला थोडं अवघडल्यासारखं झालं होतं, चार वर्षं ऐकत होतो. ‘विषय आवडतो, सध्या ऐकायला वेळ होत नाही’ एवढंच लिहिलं.

मग पानावर एक तारीख आली: मेंबरशिपचे फायदे ३१ ऑक्टोबरपर्यंत चालू राहतील. इथे तीन तारखा वेगळ्या कराव्या लागतात. मी रद्द केलं २४ ऑक्टोबरला. माझा प्रवेश संपणार ३१ ऑक्टोबरला. आणि जी वसुली आता होणार नाही ती १ नोव्हेंबरची. पानावर दिसणारी तारीख प्रवेशाची असते, वसुलीची नाही. ‘३१ ऑक्टोबरला बंद होईल’ हे वाचून अनेकांना वाटतं की तोवर आणखी एक रक्कम जाणार. ती जात नाही. १ ऑक्टोबरला भरलेल्या पैशांचाच तो उरलेला काळ असतो. उरलेल्या सात दिवसांचे पैसे परतही मिळत नाहीत, म्हणून लवकर रद्द करून नुकसान नाही आणि उशिरा रद्द करून फायदाही नाही. भरलेला महिना दोन्हीकडे पूर्ण मिळतो.

वार्षिक मेंबरशिपही अशीच चालते. रद्द केलं की फक्त पुढच्या वर्षाचं नूतनीकरण थांबतं, चालू वर्ष शेवटपर्यंत वापरता येतं.

संदेशाच्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला, घड्याळ दिसेल असा. थोड्या वेळाने रद्द झाल्याची मेल आली, ती वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली. मेल आली नाही तर स्पॅम पाहावं, आणि तिथेही नसेल तर Memberships च्या पानावर परत जाऊन त्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचावं. मेलपेक्षा ते पान जास्त विश्वासाचं.

शेवटच्या दिवसावर का टेकू नये

३१ तारखेच्या रात्री रद्द केलं तरी चालेल, असं वाटतं. पण कोणाच्या घड्याळातली रात्र? पेट्रिऑनचा हिशेब अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार चालतो. ही वेळ उन्हाळी घड्याळ असताना यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या सात तास मागे असते आणि हिवाळ्यात आठ तास. २०२५ मध्ये अमेरिकेत हे घड्याळ २ नोव्हेंबरला बदललं. म्हणजे १ नोव्हेंबर तिथे सुरू झाली ती यूटीसी सकाळी ७ वाजता, आणि १ डिसेंबर सुरू झाली ती सकाळी ८ वाजता. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे अनुक्रमे दुपारी साडेबारा आणि दीड. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांना असे तीन तास जास्त मिळतात, भारतात राहणाऱ्यांना तर १ तारखेची सगळी सकाळ.

हा हिशेब माहीत असणं चांगलं, पण त्यावर अवलंबून राहणं शहाणपणाचं नाही. महिन्याच्या सुरुवातीला मोठ्या संख्येने व्यवहार एकत्र सोडले जातात. तुमचा व्यवहार रांगेत लागल्यावर बटण दाबलं, तर ते पुढच्या महिन्यासाठी लागू होतं. दोन-तीन दिवस हाताशी ठेवले की वेळेच्या फरकाचा विचारच करावा लागत नाही.

२५ ऑक्टोबर: ॲपलकडची मेंबरशिप

आयफोनवर Settings उघडायचं, सर्वांत वर आपलं नाव असतं त्यावर टिचकी मारायची, मग Subscriptions. यादीत पेट्रिऑन होतं. तिथे पुढची तारीख ९ नोव्हेंबर अशी दिसत होती. Cancel Subscription दाबून होकार दिला, आणि तीच तारीख आता नूतनीकरणाऐवजी संपण्याची झाली: Expires या शब्दानंतर ९ नोव्हेंबर. या एका शब्दातला बदल हीच खूण. आधी Renews, नंतर Expires. बाकी पान तसंच राहतं, मेंबरशिप यादीतून गायब होत नाही, त्यामुळे घाईत पाहणाऱ्याला काही घडलंच नाही असं वाटतं.

ज्या फोनवर हे करायचं त्यावर तोच ॲपल आयडी असायला हवा ज्याने मेंबरशिप घेतली होती. घरात दोन आयडी असतील, किंवा मध्ये आयडी बदलला असेल, तर यादी रिकामी दिसते. रिकामी यादी म्हणजे वर्गणी नाही असं नव्हे. ॲपलच्या पावतीत ज्या आयडीने खरेदी झाली तो छापलेला असतो, तो पाहून त्याच आयडीने आत जावं.

ॲपलची वसुली नेमकी ९ तारखेलाच होईल असंही नाही. चालू काळ संपण्याच्या आधीच्या २४ तासांत नूतनीकरणाचे पैसे घेतले जाऊ शकतात. ९ ला संपणारी मेंबरशिप ८ ला नवी होऊ शकते, म्हणून खरी मुदत ७ तारखेची धरावी. मोफत चाचणीच्या काळाबद्दल तर ॲपल स्वतःच सांगतं की चाचणी संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करा.

ॲप फोनवरून काढून टाकलं की वर्गणी बंद होते, हा समज अजून टिकून आहे. ॲप हे फक्त पाहायचं साधन आहे. वर्गणी ॲपलच्या खात्यात नोंदलेली असते आणि ॲप नसतानाही दर महिन्याला नवी होत राहते.

पेपॅलबद्दल थोडं

माझ्या दोन्ही मेंबरशिपमध्ये पेपॅल नव्हतं, पण ज्यांनी एखाद्या क्रिएटरला दरमहा पेपॅलमधून पैसे लावून दिले आहेत त्यांना तिसरी जागा पाहावी लागते. पेपॅलच्या Settings मध्ये Payments आणि त्यात Automatic payments ची यादी असते. तिथून एखाद्याला दिलेली परवानगी काढता येते. पुढच्या ठरलेल्या वसुलीच्या आदल्या दिवसापर्यंत हे करावं लागतं, त्याच दिवशी केलेलं चालत नाही.

पण संकेतस्थळावरची मेंबरशिप तशीच ठेवून फक्त पेपॅलची परवानगी काढली, तर संकेतस्थळाच्या दृष्टीने तुमचे पैसे ‘अडकले’ आहेत, तुम्ही गेलेला नाही. ते पुन्हा प्रयत्न करतं, आठवणीच्या मेल पाठवतं. आधी संकेतस्थळावर रद्द करावं, मग पेपॅलची परवानगी काढावी. उलटा क्रम टाळावा.

कार्डाच्या बाबतीत हीच चूक वेगळ्या रूपात होते. ‘कार्ड या महिन्यात संपतंय, नवं येईल, मग आपोआप थांबेल’ असं बरेचजण म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांकडेही अशी सेवा आहे की बँकेने नवं कार्ड दिलं की त्याचा नंबर आणि मुदत वर्गणी घेणाऱ्या व्यापाऱ्याला परस्पर कळवली जाते. बँक या सेवेत सहभागी असेल तर नव्या कार्डावरही जुनी वर्गणी शांतपणे चालू राहते. चोरीला गेलेलं कार्ड बदलल्यावरही जुन्या वर्गण्या परत दिसायला लागतात त्या बऱ्याचदा याच वाटेने.

१ ते ५ नोव्हेंबर: पहिली तपासणी

आता वाट पाहायची होती. १ नोव्हेंबर शनिवारी आली. त्या दिवशी कार्डावर PATREON ची एक पेंडिंग नोंद दिसली आणि क्षणभर वाटलं, गेलेच पैसे.

इथे माझा हिशेब आधी करून ठेवलेला होता म्हणून घोटाळा टळला. १ तारखेच्या पद्धतीत एकाहून जास्त क्रिएटर असतील तर त्यांची रक्कम एकाच व्यवहारात एकत्र कापली जाऊ शकते. मी आणखी एका क्रिएटरला दरमहा ३ डॉलर देत होतो आणि ते चालूच ठेवायचे होते. पॉडकास्टचे ५ डॉलर. ऑक्टोबरपर्यंत दर १ तारखेला ८ डॉलर आणि वर कर अशी एकच नोंद येत होती. आता ती ३ डॉलर आणि कर एवढीच यायला हवी होती. पेंडिंग नोंद पाहिली तर रक्कम ३ डॉलरच्या जवळचीच होती. नोंद आहे किंवा नाही एवढंच पाहणाऱ्याला इथे चुकीचं उत्तर मिळालं असतं. रक्कमच पाहावी लागते.

रकमेचा अंदाज काढताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे कर: तुम्ही राहता त्या ठिकाणानुसार विक्रीकर किंवा तत्सम कर वरून लागतो. दुसरं म्हणजे चलन. कार्ड दुसऱ्या चलनातलं असेल तर पेंडिंग नोंदीतला आकडा आणि पक्क्या नोंदीतला आकडा थोडा वेगळा येतो, कारण विनिमयाचा दर पक्क्या दिवशीचा लागू शकतो, आणि काही बँका परदेशी व्यवहाराचं शुल्क वेगळ्या ओळीत लावतात. म्हणून शेवटच्या पैशापर्यंत जुळवत बसू नये. ८ च्या जवळ आहे की ३ च्या, एवढं ओळखता आलं तरी पुरे.

खात्री केली ती पेट्रिऑनच्या Settings मधल्या Billing history वर. स्टेटमेंटमध्ये एकत्र दिसणारी रक्कम तिथे क्रिएटरनुसार सुटी करून दाखवलेली असते. नोव्हेंबरच्या ओळीत एकच नाव होतं, पॉडकास्टचं नाव नव्हतं. तरीही मी ५ तारखेला पुन्हा पाहिलं. शनिवार-रविवार मध्ये आल्याने बँकेची पक्की नोंद सोमवारी, ३ तारखेला झाली, आणि महिन्याच्या सुरुवातीचे व्यवहार सगळ्यांचे एकाच क्षणी होत नाहीत.

याच काळात पॉडकास्टच्या नव्या भागाची एक मेल आली आणि पुन्हा शंका आली. तिचं कारण वेगळं निघालं. पैसे देणारी मेंबरशिप रद्द झाल्यावरही मोफत सदस्य म्हणून नाव राहू शकतं, आणि मोफत सदस्यांनाही मेल जातात. मेल येणं म्हणजे पैसे जाणं नव्हे. नको असतील तर मोफत सदस्यत्वही वेगळं सोडावं लागतं.

७ ते १३ नोव्हेंबर: ॲपलची तपासणी

७ तारखेला यादी पुन्हा उघडून Expires हाच शब्द आहे ना ते पाहिलं. ९ तारखेला दिवसभर चित्रकलेचे धडे उघडत होते, १० ला बंद झाले. इथवर ठीक.

पण ॲपलच्या बाबतीत स्टेटमेंट लगेच साफ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नये. ॲपल काही खरेद्या एकत्र करून एकाच रकमेत कार्डाकडे पाठवतं, आणि नोंद दोन-चार दिवस उशिरा उमटू शकते. नूतनीकरण ८ ला झालं असतं तर तुम्हाला ते ११ किंवा १२ ला दिसलं असतं, आणि तेही एखाद्या गाण्याच्या किंवा साठवणुकीच्या वर्गणीत मिसळलेलं. म्हणून मी १३ पर्यंत थांबलो आणि स्टेटमेंटपेक्षा reportaproblem.apple.com या पानावरची खरेद्यांची यादी पाहिली. तिथे प्रत्येक खरेदी सुटी असते. नोव्हेंबरमध्ये पेट्रिऑनची ओळ नव्हती.

समजा नूतनीकरण झालंच असतं, तर परताव्याचा अर्जही याच पानावरून ॲपलकडे करायचा असतो. क्रिएटरला किंवा पेट्रिऑनला लिहून उपयोग नाही, कारण पैसे त्यांनी घेतलेलेच नसतात. ब्राउझरमधून घेतलेल्या मेंबरशिपचं मात्र उलट. तिथे क्रिएटर स्वतः रक्कम परत करू शकतात, आणि ‘१ तारीख चुकली, कृपया परत कराल का’ अशी दोन ओळींची विनंती हा सर्वांत सोपा मार्ग. थेट बँकेकडे व्यवहारावर हरकत घेणं हा शेवटचा उपाय ठेवावा. त्यात आठवडे जातात, आणि हरकत घेतल्याने संकेतस्थळावरचं खातं अडवलं जाऊ शकतं. मग जो दुसरा क्रिएटर तुम्हाला हवाय त्याचंही दार बंद.

१ डिसेंबर: दुसरं आवर्तन

एक महिना कोरा गेला म्हणजे काम झालं, असं का धरत नाही? कारण पैसे न कापले जाण्याची दुसरीही कारणं असतात. पेट्रिऑनवर क्रिएटर आपली वसुली एखाद्या महिन्यापुरती थांबवू शकतात, आजारपणात किंवा नवं काम नसताना. त्या महिन्यात कोणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत. ज्याने रद्द करायचं अर्धवट सोडलं, त्यालाही तो महिना कोराच दिसतो, आणि पुढच्या महिन्यात रक्कम परत सुरू होते. कार्ड नाकारलं गेलं तरी तसंच: पैसे जात नाहीत, पण मेंबरशिप जिवंत असते आणि प्रयत्न पुन्हा होतात. फक्त स्टेटमेंट पाहून या तिन्हींतला फरक कळत नाही. Memberships च्या पानावर कळतो. रद्द झालेली मेंबरशिप चालू यादीत नसते, थांबवलेली आणि नाकारलेली असते.

१ डिसेंबर सोमवारी आली. ३ डॉलर आणि कराची एक नोंद, Billing history मध्ये एक नाव, चालू यादीत एक नाव. ९ डिसेंबरनंतर चार दिवस थांबून ॲपलची यादीही पाहिली, कोरी होती. रद्द करायला खर्च शून्य आला. वेळ सगळा मिळून तासाभराचा, त्यातला बराचसा पावत्यांच्या तारखा शोधण्यात गेला.

स्क्रीनशॉट आणि दोन मेल मी अजून ठेवल्या आहेत. ॲपलच्या Subscriptions मध्ये मात्र जुनी मेंबरशिप बंद झालेल्यांच्या गटात दिसत राहते आणि ती उघडली की पुन्हा सुरू करायचं बटण समोर येतं. तपासायला म्हणून आत गेलेल्याने तिथे चुकून टिचकी मारली आणि सवयीने चेहरा दाखवला, तर त्याच दिवसापासून नवा महिना आणि नवी तारीख सुरू होते. तपासायचं असेल तर गटाचं नाव वाचूनच परत फिरावं, ओळ उघडू नये.